दोन पॉइंट चार मायक्रोसेकंद

पेपर काढण्याचं काम मला पहिल्यांदा आलं तेव्हा लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. गावात जिकडंतिकडं नव्या कचेऱ्यांच्या पाट्या लागत होत्या आणि पाण्याचा मात्र पत्ता नव्हता. पावसाळा कोरडाच गेला होता. नळ कोरडे, आड तळाला गेलेले. आमच्या गल्लीत टँकर यायचा, पण कधी येईल ह्याचा नेम नाही. सकाळी येईल म्हणायचे, दुपारी यायचा. दुपारी म्हणायचे, यायचाच नाही.

मी मूळचा नांदेडचा. लातूरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवत होतो. नोकरी अजून पक्की नव्हती, दर वर्षी विद्यापीठाची मान्यता यायची आणि ती येईपर्यंत माझा जीव टांगणीला. त्यामुळं विद्यापीठाचं बंद पाकीट आलं तेव्हा मी हुरळून गेलो, खोटं कशाला बोलू? बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा पेपर आपण काढायचा! पेपर कोणी काढला हे कुणालाही कळू द्यायचं नाही, अशी सक्त ताकीद असते. कळलं तर परीक्षेची कामं कायमची बंद, आणि कॉलेजला पत्र जातं ते वेगळंच. मी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. दार लावून बसायचो, तिला वाटायचं मी झोपतोय.

त्यात एक गणित होतं आठ मार्कांचं. मीच तयार केलेलं, पुस्तकातून उचललेलं नाही, ह्याचा मला फार गर्व. आकृती साधी. जमिनीची एक आडवी रेघ, तिच्यावर दोन खांब, अ आणि ब, मध्ये दुतोंडी बाण आणि त्यावर ९६० मीटर. अ खांबापाशी एक ठिपका, म्हणजे कण. त्याच्यापुढं बाण, आणि वेग प्रकाशाच्या वेगाच्या आठ दशांश. हा कण स्वतःच्या घड्याळानं तीन मायक्रोसेकंद जगतो. म्हणजे एका सेकंदाचे दहा लाख तुकडे केले तर त्यातले तीन. प्रश्न असा: तो ब खांबापर्यंत जिवंत पोचेल का? आणि अ ते ब जाताना त्याच्या स्वतःच्या घड्याळात किती वेळ जाईल?

गंमत अशी की साध्या हिशेबानं तो पोचत नाही. त्या वेगानं ९६० मीटर जायला चार मायक्रोसेकंद लागतात आणि आयुष्य तर तीनच. पण तो पोचतो. जमिनीवर उभ्या माणसाला त्या कणाचं घड्याळ मंद चाललेलं दिसतं. ह्या वेगाला जमिनीवर चार गेले तर कणाचे जातात चाराच्या सहा दशांश, म्हणजे दोन पॉइंट चार. तीनच्या आतच.

आता हेच कणाच्या जागी बसून बघा. तो म्हणतो, माझं घड्याळ अगदी ठीक चाललंय, मी जागचा हललोही नाही, हे खांबच माझ्याकडं धावत येतायत. आणि धावणाऱ्या वस्तूची लांबी धावण्याच्या दिशेनं आखडते, म्हणून त्याच्या लेखी दोन खांबांतलं अंतर ९६० नाहीच, ५७६ मीटर आहे. तेवढं सरायला लागतात दोन पॉइंट चार मायक्रोसेकंद. तेच उत्तर! एकच गोष्ट, दोन ठिकाणांहून पाहिलेली. जमिनीवरून पाहिलं तर घड्याळ मंद, कणावरून पाहिलं तर अंतर आखूड. दोन्हीतलं एकच धरायचं. दोन्ही धरलं की झाला सत्यानाश.

आणि तोच सत्यानाश मी केला.

आदर्श उत्तर लिहायला बसलो होतो. ५७६ काढलं, त्याला वेगानं भागलं, कागदावर लिहिलं २.४. कुणाच्या घड्याळातले, हे लिहिलंच नाही. तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला. कागद गादीखाली सारले, दोन घागरी घेतल्या आणि पळालो. रांगेत भांडण, धक्काबुक्की, एकीची घागर फुटली. परत यायला दोन तास लागले. अंग चिंब, डोकं तापलेलं. कागद काढले, २.४ दिसले. हे जमिनीचे समजून मी पुढं लिहिलं: चालत्या घड्याळात ह्याच्या सहा दशांश, म्हणून उत्तर १.४४ मायक्रोसेकंद. तीनपेक्षा कमी, म्हणून कण पोचतो. खाली दोन रेघा मारल्या, पाकीट लाखेनं बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी पोस्टात टाकलं. कण पोचतोय ना, मग झालं. परत तपासून बघायची बुद्धी झाली नाही. वर्गात हीच चूक करणाऱ्या पोरांवर मी खडू फेकून मारायचो.

मे महिन्यात तपासणीचं शिबिर नांदेडला लागलं. एका कॉलेजच्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली, पोत्यांत उत्तरपत्रिका, वर पंखे गरम हवा ढवळतायत. पहिल्या दिवशी मुख्य परीक्षक आदर्श उत्तरं वाचून दाखवतात आणि बाकी सगळे ती उतरवून घेतात. आमचे मुख्य परीक्षक पांढऱ्या केसांचे, करड्या आवाजाचे गृहस्थ. मी शिकत असताना मला त्यांनीच शिकवलेलं. गणिताला आले आणि त्यांनी वाचलं, ‘उत्तर, एक पॉइंट चार चार.’ सगळ्यांनी लिहिलं. मीही लिहिलं! माझीच चूक मी मान खाली घालून उतरवून घेतली आणि मला काही म्हणजे काही जाणवलं नाही.

तीन दिवस भराभर तपासत गेलो. बऱ्याच पोरांनी ते गणित सोडूनच दिलेलं. काहींनी नुसतं सूत्र लिहिलेलं. दोघातिघांनी दोन्ही सूत्रं लावून १.४४ आणलेलं, त्यांना मी आठापैकी आठ देऊन मोकळा झालो.

चौथ्या दिवशी सकाळी एक उत्तरपत्रिका हाती आली. अर्धीच लिहिलेली. शेवटचे दोन प्रश्न कोरे. पण ते गणित पूर्ण सोडवलेलं, आणि आकृती एक नाही, दोन! पहिलीत खांब उभे आणि कण उजवीकडं निघालेला. दुसरीत कण उभा आणि दोन्ही खांब डावीकडं धावतायत, मध्ये ५७६ मीटर. पहिलीखाली चार गुणिले सहा दशांश, २.४. दुसरीखाली ५७६ भागिले वेग, २.४. आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत एक ओळ, तिचा अर्थ असा की, उत्तर दोन्हीकडून सारखं येतं, दोन्ही गोष्टी एकदम लावायच्या नाहीत.

मी लाल पेनानं खूण करायला हात उचलला आणि तसाच थांबलो. परत वाचलं. टेबलाखाली कोऱ्या कागदावर करून पाहिलं. मग मात्र माझी पाचावर धारण बसली. अरे देवा, हे बरोबर आहे आणि मी गाढव आहे!

उठलो, मुख्य परीक्षकांपाशी गेलो. म्हणालो, ‘सर, ह्या गणिताचं उत्तर एकदा बघावं लागेल असं वाटतंय.’

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘का?’

‘दोन पॉइंट चार येतंय. आदर्श उत्तरात सहा दशांशानं दोनदा गुणलंय.’

‘पेपर काढणाऱ्यानं दिलंय ते. त्यानं विचार करूनच दिलं असेल ना? का तुम्हीच काढला पेपर?’

आजूबाजूचे हसले. तेही हसले. ती थट्टाच होती हो, साधी थट्टा. पण मी चपापलो. मला वाटलं, आता जास्त ताणलं तर ह्यांना संशय येणार. दुसऱ्याच्या उत्तरासाठी एवढं कोण भांडतं? ते पुढं म्हणाले, ‘तीन दिवसांची पोती बांधून झालीयत. एका गणितासाठी सगळी उसवायची का? द्या टप्प्याटप्प्यानं मार्क आणि पुढं चला.’ मी ‘बरं सर’ म्हटलं आणि जागेवर येऊन बसलो.

आदर्श उत्तरातल्या टप्प्यांप्रमाणे तिला चार मार्क पडत होते. पुढच्या पायरीचे दोन आणि उत्तराचे दोन गेले. तिला म्हणतोय, पण तेव्हा ती कोण हे मला माहीत नव्हतं, नुसता नंबर. मी चार दिले. मग बेरीज केली. बत्तीस. पास व्हायला पस्तीस लागतात.

बेरीज तीनदा केली. बत्तीसच. ते चार मार्क दिले असते तर छत्तीस. पेन हातात होतं, चाराचा आठ करायला कितीसा वेळ लागतो? पण आमच्या पत्रिकांतल्या काही उचलून परत तपासल्या जायच्या, आणि आदर्श उत्तर सोडून मार्क दिले की विचारणा व्हायची. मी मनाची समजूत घातली, तीन मार्कांचा ग्रेस मिळेलच की. पत्रिका गठ्ठ्यात सरकवली. दुपारी कँटीनमध्ये सगळ्यांबरोबर जेवलो, चहा प्यायलो, नव्या जिल्ह्याच्या गप्पा मारल्या. माणूस किती निगरगट्ट असतो!

जुलैत कॉलेज सुरू झालं. आभाळ येऊन नुसतं जात होतं. एक दिवस मी प्रयोगशाळेत एकटाच होतो, तेव्हा दारात एक मुलगी आणि तिचे वडील येऊन उभे राहिले. वडील नव्या कलेक्टर कचेरीत शिपाई होते, अंगावर तोच खाकी ड्रेस. मुलगी अहमदपूरकडच्या एका खेड्यात आईजवळ राहायची आणि तालुक्याच्या कॉलेजात शिकायची. माझी विद्यार्थिनी नव्हती. छातीशी वही घट्ट धरलेली.

वडील म्हणाले, ‘सायेब, पोरगी नापास झाली. लई हुशार हाय, खोटं न्हाई सांगत. तिचं एकच म्हणणं हाय, माझं चुकलं कुठं तेवढं सरांकडून समजून घ्यायचं.’

मी बसायला सांगितलं. तिनं वही उघडली, घरी आल्यावर परीक्षेतलं सगळं जसंच्या तसं उतरवून ठेवलेलं. आणि मला दोन आकृत्या दिसल्या. एकीत खांब उभे. एकीत खांब धावतायत.

म्हणजे तो नंबर हिचाच होता.

‘सर, पेपर अर्धाच झाला माझा,’ ती सांगत होती. ‘त्या दिवशी सकाळीच टँकर आला. आई तापानं पडलेली, रांगेतला नंबर सोडता येईना. हॉलमधी गेले तर एक तास होऊन गेला होता, हातापाया पडले तेव्हा आत घेतलं. पण जेवढं लिहिलं तेवढ्यात मी पास होते, सर. हिशेब करूनच लिहिलं. ह्या गणिताचे आठ धरले होते. बत्तीस पडले. म्हंजे ह्याचेच गेले.’

‘ग्रेस?’ मी विचारलं.

‘तो केमिस्ट्रीला लागला.’

वडील मध्येच बोलले, ‘एम.एस्सी.ला घालणार होतो तिला. आता उदगीरचं एक स्थळ आलंय. त्यांना म्हटलं, दिवाळीपस्तोर थांबा. ऑक्टोबरला पास झाली तर शिकवतो, न्हाई झाली तर लगीन. किती दिवस थांबवावं लोकांना?’ ते चिडून बोलत नव्हते. थकून बोलत होते.

मी तिची वही पुढं ओढली. गणित वाचल्यासारखं केलं. वाचायचं काय होतं त्यात? आणि खरं सांगतो, त्या क्षणी मी सांगणार होतो. तोंडातून निघालंसुद्धा, ‘हे बघ बाळ, तुझं हे उत्तर...’

‘बराबर हाय का सायेब?’ वडील एकदम पुढं सरकले. ‘तसं असंल तर एक कागद लिहून द्या तुमच्या सहीचा. नुसतं एवढंच लिवा, हिचं बराबर हाय. मी आमच्या सायेबाच्या सहीनं विद्यापीठाला पाठवतो. आता कलेक्टर कचेरी हितंच हाय, कुणाच्या पाया पडायला लांब जायचं काम न्हाई.’

कागद. माझी सही. तो कागद विद्यापीठात जाणार, तिथं कुणीतरी पाकीट काढणार, आदर्श उत्तर कुणाचं म्हणून बघणार, आणि त्या उत्तराखाली अन् ह्या कागदाखाली एकच सही! मला ते सगळं डोळ्यांसमोर दिसलं. मान्यतेचं पत्र अजून आलं नव्हतं.

आणि मी म्हणालो, ‘नाही. इथं चूक आहे.’

मुलीनं वर पाहिलं. ‘कुठं, सर?’

‘तू अंतर आखडलंस, ते बरोबर. पण कण चालतोय ना? मग त्याचं घड्याळपण मंद होणार. ते तू धरलंच नाहीस. परत सहा दशांशानं गुणायला पाहिजे होतं. एक पॉइंट चार चार.’

मी हे बोललो. इतक्या वर्षांनी लिहितानाही हात जड होतोय. हे मी तिच्या डोळ्यांत बघून, शिक्षकाच्या आवाजात बोललो.

तिनं दुसऱ्या आकृतीवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, ‘पण सर, कणाच्या बाजूनं बघितलं तर कण उभाच हाय की. मग त्याचं घड्याळ त्याला मंद कसं दिसंल?’

काय विचारलं बघा! माझ्या वर्गातल्या एकानंही आजवर हा प्रश्न विचारला नव्हता. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी तिला डोक्यावर घेऊन नाचलो असतो.

‘असं वादात शिरू नये,’ मी म्हणालो. ‘परीक्षेला असंच लिहितात.’

‘पण हे तर तुमच्याच नोट्समधी हाय, सर.’ तिनं वहीच्या मागून मळकट कागदांचा एक जुडगा काढला. मी लातुरात आल्यावर हातानं लिहून, सायक्लोस्टाइलवर प्रती काढून पोरांना वाटलेल्या नोट्स. त्या अहमदपूरपर्यंत गेल्यात हे मला माहीत नव्हतं. माझंच वाक्य, माझ्याच अक्षरात: दोन्हीपैकी एकच परिणाम लावा, दोन्ही एकदम कधीही नाही. त्याखाली तिनं पेन्सिलीनं रेघ मारलेली. ‘हेच वाचून मला सगळं कळलं होतं. म्हणून तुमच्याकडंच चला म्हटलं बाबांना.’

वडील माझ्याकडं बघत होते. भांडायला आलेला माणूस परवडतो. ते तर माझ्यावर विश्वास ठेवून बसले होते. बाहेर कॉलेजच्या शिपायानं तासाची घंटा दिली, पोरं जिन्यावरून धडधडत खाली गेली. मला अजून वेळ होता. तेवढ्यात सांगता आलं असतं.

‘त्या नोट्स जुन्या आहेत,’ मी म्हणालो. ‘तिथं माझ्याकडून चूक झालीय. ते वाक्य खोड.’

तिनं माझ्या टेबलावरचं पेन मागितलं. मी दिलं. तिनं आधी वहीतल्या पहिल्या आकृतीखालचं २.४ खोडलं, मग दुसऱ्या आकृतीखालचं, आणि दोन्ही ठिकाणी स्वच्छ अक्षरात १.४४ लिहिलं. मग नोट्समधल्या त्या वाक्यावर पट्टी धरून सरळ रेघ ओढली. एवढी हुशार पोर, तिनं सगळं नीट, जसं मी सांगितलं तसंच केलं.

वडील उठले, हात जोडले. ‘लई उपकार झाले सायेब. आता ऑक्टोबरला चुकणार न्हाई ती.’

मुलगी दारापर्यंत गेली आणि वळली. ‘सर, आमच्या गावाकडं अजून चौघीजणी ह्याच नोट्स वाचून परीक्षेला बसणार हायत. त्यांना पण खोडायला सांगू का?’

मी म्हणालो, ‘हो. सांग.’